चढतं क्रिएटिनिन

सोमवारी सकाळी बाबांचा रिपोर्ट आला. किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा जो टाकाऊ पदार्थ, ते क्रिएटिनिन २.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. त्याखाली सॉफ्टवेअरने आपलं आपण गणित करून छापलं होतं, ईजीएफआर ३४, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते त्याचा अंदाज, आणि शेजारी दीर्घकालीन किडनी विकाराच्या टप्प्यांचा तक्ता. तक्त्यात ३४ हा आकडा ‘टप्पा ३ बी’ मध्ये बसत होता. दादाने तो तक्ता वाचला आणि दुपारपर्यंत तो डायलिसिसची चौकशी करून मोकळा झाला. आई एकच प्रश्न विचारत होती, “एवढा जुना आजार होता आणि आपल्याला कळलाच नाही?”

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. क्रिएटिनिनचे आकडे रोज माझ्या हाताखालून जातात. पण लॅबमध्ये एका माणसाचा एकच आकडा समोर येतो आणि पुढे सरकतो. एकाच माणसाचे आकडे दिवसामागून दिवस एका कागदावर मांडत बसण्याची वेळ माझ्यावर त्या आठवड्यात आली.

आधी काय झालं होतं ते सांगते. बाबा ६६ वर्षांचे, वजन ६२ किलो. रक्तदाबासाठी रोज एक गोळी, तिच्यात टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र. शुक्रवारपासून जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. पोटात पाणी टिकत नव्हतं, पण रक्तदाबाची गोळी मात्र ते नेमाने घेत होते. शनिवारी पाठ आणि पाय दुखायला लागले म्हणून घरात पडलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या सुरू केल्या, सकाळ-संध्याकाळ. रविवारी रात्री लघवी फारच थोडी आणि गडद झाली, आणि सोमवारी पहाटे आम्ही त्यांना भरती केलं.

किडनीचे डॉक्टर दुपारी आले. त्यांनी तो ३४ चा आकडा पाहिलासुद्धा नाही. पहिला प्रश्न होता, “जुना रिपोर्ट आहे का?” सुदैवाने होता. तीन महिन्यांपूर्वी वार्षिक तपासणीत, त्याच लॅबमध्ये, क्रिएटिनिन १.०. डॉक्टरांनी केस पेपरवर तो आकडा मोठ्या अक्षरात लिहिला, त्याच्यापुढे बाण काढला आणि २.१ लिहिलं. मग म्हणाले, “उद्या परत बघू. आजच्या आकड्यापेक्षा मला उद्याचा जास्त काही सांगेल.”

मंगळवारी क्रिएटिनिन ३.२ आलं. मोठ्या लॅबमध्ये ‘डेल्टा चेक’ नावाची सोय असते. त्याच रुग्णाच्या आधीच्या निकालापेक्षा नवा निकाल ठरावीक मर्यादेपलीकडे वेगळा आला की यंत्रणा तो अडवून ठेवते. सॅम्पल अदलाबदल झालं का, सलाइन लावलेल्या हातातून रक्त काढलं का, हे पाहिल्याशिवाय तो पुढे जात नाही. बाबांचं सॅम्पल असंच अडकलं. रिपीट लावलं, पुन्हा ३.२. म्हणजे आकडा खरा होता. क्रिएटिनिनमध्ये ०.१ चा फरक यंत्राचा किंवा दिवसाचा असू शकतो, १.१ चा नाही.

त्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “हे जुनं दुखणं असतं तर आज आकडा चढलाच नसता.” दादाला ते उलटं वाटलं. आजार जुना आणि जास्त असेल तर आकडा जास्त वाढेल, असं त्याचं म्हणणं. घरातल्या सगळ्यांचंच तसं होतं. मग मी कागद घेऊन त्याला समजावत बसले, आणि समजावता समजावता मला स्वतःलाही ते पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होतं. एकाच माणसात ते रोज जवळपास तेवढंच तयार होतं, कारण स्नायू काही एका रात्रीत वाढत-घटत नाहीत. बाबांच्या वयाच्या आणि वजनाच्या पुरुषात हे प्रमाण दिवसाला साधारण ९०० मिलिग्रॅम धरता येतं. ते शरीरातल्या सगळ्या पाण्यात मिसळतं, बाबांच्या बाबतीत सुमारे ३४ लिटरमध्ये. आणि ते बाहेर काढण्याचं काम जवळजवळ सगळं किडनी करते. रक्तातला आकडा म्हणजे येणं आणि जाणं यांतून शिल्लक राहिलेली पातळी.

एक टाकी समजा. वरून नळ एकाच धारेने चालू आहे आणि तळाला भोक आहे. पाण्याची पातळी जेवढी उंच तेवढा भोकावर दाब जास्त आणि तेवढं पाणी जोरात बाहेर जातं. त्यामुळे कुठल्यातरी एका उंचीवर येणारं आणि जाणारं पाणी सारखं होतं आणि पातळी थांबते. आता भोक निम्मं बुजवा. पातळी चढायला लागेल, पण कायम चढत राहणार नाही. आधीपेक्षा पुरेशा उंचीवर पोहोचली की लहान भोकातूनसुद्धा तेवढंच पाणी जाईल आणि ती पुन्हा थांबेल. क्रिएटिनिनचं साधारण असंच आहे. किडनीची गाळण्याची क्षमता निम्मी झाली की क्रिएटिनिन दुप्पट होऊन थांबतं.

दादाला हा ‘थांबण्याचा’ भाग पटवायला वेळ लागला, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. जुन्या किडनी विकारात क्रिएटिनिन उंच असतं पण थांबलेलं असतं. रोज जेवढं तयार होतं तेवढंच लघवीतून जातं, फक्त ते उंच पातळीवरून जातं. आज ४.५ असेल तर उद्याही ४.५ च्या आसपास. वर्षभरात ते ५ होईल, कारण भोक वर्षभरात आणखी थोडं बुजेल. आकडा दिवसागणिक चढताना दिसतोय याचा अर्थ येणं आणि जाणं अजून जुळलेलं नाही. आणि ते जुळलेलं नाही याचा अर्थ भोक अलीकडेच बुजलंय.

अलीकडे म्हणजे किती अलीकडे, याचंही उत्तर आकड्यांत होतं. सोमवार ते मंगळवार क्रिएटिनिन १.१ ने वाढलं. ३४ लिटर म्हणजे ३४० डेसिलिटर, म्हणजे दिवसभरात सुमारे ३७५ मिलिग्रॅम शरीरात साठलं. तयार झालं ९००, साठलं ३७५, तर बाहेर गेलं ५२५ च्या आसपास. त्या दिवसातली सरासरी पातळी २.६५ होती. ५२५ ला २.६५ ने भागलं की किडनीने दिवसभरात किती रक्तद्रव साफ केला ते मिळतं, सुमारे २० लिटर. मिनिटाला साधारण १४ मिलिलिटर.

आणि रिपोर्टवर काय छापलं होतं? सोमवारी ३४, मंगळवारी २१. ते सूत्र चुकीचं नाही, पण ते थांबलेल्या पातळीसाठी केलेलं आहे. पातळी थांबलेली आहे असं गृहीत धरून ते त्या पातळीवरून भोकाचा आकार सांगतं. पातळी चढत असताना ते खऱ्यापेक्षा चांगला आकडा देतं. त्या सोमवारी बाबांची किडनी ३४ ने नाही, १४ च्या आसपास चालत होती, आणि तक्त्यातला टप्पा तर सरळ निरर्थक होता. दीर्घकालीन म्हणायला विकार किमान तीन महिने असावा लागतो, एका सकाळच्या सॅम्पलवरून कुणालाही टप्पा देता येत नाही. (हा तक्ता सगळ्याच रिपोर्टांवर सरसकट का छापतात, हा माझा जुना राग आहे.)

आता उलटा हिशेब. बाबांची किडनी खरोखरच वर्षानुवर्षं १४ वर चालत असती तर? दिवसाला ९०० मिलिग्रॅम २० लिटरमधून बाहेर जायचं तर पातळी ४.५ हवी. म्हणजे सोमवारी भरती करताना २.१ नसतं आलं, थेट ४.५ आलं असतं, आणि मंगळवारीही ४.५. एवढ्या कमी क्षमतेच्या किडनीला नवी पातळी गाठायला चार-पाच दिवस लागतात, वर्षं लागत नाहीत. बाबांचं क्रिएटिनिन ४.५ च्या वाटेवर होतं आणि अजून पोहोचलेलं नव्हतं. म्हणून घसरण गेल्या काही दिवसांतलीच असणार. मागे मोजत गेलं तर १.० वरून २.१ व्हायला त्या वेगाने एक दिवससुद्धा पुरला असता. म्हणजे किडनी बसली ती शनिवारी रात्री किंवा रविवारी, डायक्लोफेनॅकच्या दुसऱ्या-तिसऱ्या गोळीच्या आगेमागे.

जुना विकार किती संथ चालतो तेही बघा. वर्षाला मिनिटामागे ५ मिलिलिटर क्षमता जाणं हा बऱ्यापैकी वेगवान ऱ्हास मानतात. तीन महिन्यांपूर्वीच्या १.० वरून बाबांची क्षमता ८३ निघते, ती १४ वर यायला त्या वेगाने जवळपास चौदा वर्षं लागली असती. एका दिवसात तो विकार जेवढं नुकसान करतो ते कुठल्याही यंत्रावर दिसणार नाही. म्हणूनच किडनी विकारांवर काम करणाऱ्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत अचानक झालेल्या किडनी इजेची व्याख्या वेळेला बांधलेली आहे. ४८ तासांत ०.३ ची वाढ, किंवा सात दिवसांत आधीच्या दीडपट. ०.३ हा आकडा किरकोळ वाटतो, पण ४८ तासांच्या अटीने त्याला वजन येतं.

बुधवारी ४.१ आलं आणि गुरुवारी ४.६. घरचं वातावरण पार खचलं. सोमवारपासून आकडा दुपटीहून अधिक झाला, म्हणजे किडनी रोज आणखी बिघडतेय, असाच सगळ्यांचा समज. मी तोच हिशेब पुन्हा मांडला. मंगळवार ते बुधवार, बुधवार ते गुरुवार, दोन्ही वेळा उत्तर ११-१२ च्या आसपास आलं. माझा हिशेब तसा ढोबळच होता. आजारी माणसात क्रिएटिनिन तयार होण्याचं प्रमाण घटतं, सलाइनने शरीरातलं पाणी वाढलं की आकडा थोडा पातळही होतो. पण एवढं दिसत होतं की किडनी सोमवारी जिथे होती जवळपास तिथेच होती, कणभर खाली. आकडा वाढत होता तो आधीच घडून गेलेली घसरण भरून काढत. शिवाय रोजची वाढ कमी होत चालली होती: १.१, मग ०.९, मग ०.५. पातळी थांबायच्या बेतात होती.

डॉक्टरांना मी हे दाखवलं तर ते म्हणाले, “बरोबर आहे. पण मला आकड्यापेक्षा लघवी आणि पोटॅशियमची काळजी जास्त.” पहिल्या २४ तासांत लघवी ३५० मिलिलिटर झाली होती, पोटॅशियम ५.८ होतं. त्यासाठी ईसीजी झाला, औषधं सुरू झाली, दर काही तासांनी तपासणी. डायलिसिस तयार ठेवला होता, पण लागला नाही.

चढता आकडा ‘अचानक’ एवढंच सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. त्यासाठी बाकीच्या गोष्टी होत्या. सोनोग्राफीत मूत्रमार्गात कुठे अडथळा नव्हता. दोन्ही किडन्या १० सेंटिमीटरच्या वर आणि त्यांचा बाहेरचा थर जाड, नीट होता. जुन्या विकारात त्या बहुधा आक्रसतात आणि तो थर पातळ होतो. नुसतं पाणी कमी पडल्याने किडनी सुस्तावली असती तर सलाइनने दोन-तीन दिवसांत आकडा खाली यायला लागला असता. बाबांचा आला नाही. लघवीचा गाळ मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मातकट तपकिरी, दाणेदार कास्ट, म्हणजे किडनीच्या नळ्यांत साच्यासारखे घट्ट झालेले तुकडे, भरपूर दिसत होते. किडनीच्या नळ्यांच्या पेशी मरून गळतात तेव्हा ते असे दिसतात.

कारणांची साखळी जुळत होती. जुलाबांनी रक्ताचं आकारमान घटलं. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी अशा वेळी प्रोस्टाग्लँडिनच्या मदतीने रुंद होते, डायक्लोफेनॅकने ती मदत बंद केली. गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी अँजिओटेन्सिनमुळे आकसून गाळणीतला दाब टिकवून ठेवते, टेल्मिसार्टनने तेही बंद केलं. आणि हायड्रोक्लोरोथायझाइड आणखी मीठ-पाणी बाहेर काढत राहिलं. यातलं एकेक औषध एरवी बाबांना बाधलं नसतं. तिन्ही एका वेळी, कोरड्या पडलेल्या शरीरात, हे फार झालं. सोमवारीच सगळी बंद केली गेली.

जुना रिपोर्ट नसता तर काय, हा प्रश्न नंतर मला बऱ्याच जणांनी विचारला. तेव्हा एकट्या २.१ वरून काहीही ठरलं नसतं. २.१ हा एखाद्याचा पाच वर्षांचा थांबलेला आकडा असू शकतो. तेव्हा उद्याचं सॅम्पल हाच जुन्या रिपोर्टाच्या सगळ्यात जवळचा पर्याय. सोनोग्राफी मदत करते, पण मधुमेहाच्या जुन्या किडनी विकारात किडन्या बरेचदा नेहमीच्या आकाराच्याच राहतात, त्यामुळे ‘आकार ठीक म्हणजे जुनं काही नाही’ असं म्हणता येत नाही.

आणि चढता आकडा जुन्या विकाराची शक्यता पुसून टाकत नाही. ज्याचं क्रिएटिनिन कायम २.५ असतं त्यालाही जुलाबात चार दिवसांत ते ४.५ होऊ शकतं. ही वाढ तेवढीच अलीकडची, तेवढीच तातडीची, फक्त तिच्या खाली जुनं दुखणं बसलेलं. चढ सांगतो की काहीतरी नुकतंच घडलं, खाली आधी काय होतं ते सांगत नाही. उलट बाजूनेही फसगत होते. कोट्रायमोक्साझोलसारखं औषध घेतलं की त्यातला ट्रायमेथोप्रिम किडनीच्या नळ्यांतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची वाट अडवतो. आकडा काही दिवसांत थोडा चढून थांबतो, पण गाळण्याची क्षमता तशीच असते आणि युरिया वाढत नाही. बाबांचा युरिया क्रिएटिनिनच्या बरोबरीने वाढत होता.

मधलीही एक जागा आहे जिथे हा हिशेब साधा राहत नाही. काही आजारांत, गाळणीला तीव्र सूज आणणाऱ्या आजारांत विशेषतः, क्रिएटिनिन दिवसांत नाही, आठवड्यांत चढतं. दर आठवड्याला अर्धा-पाऊण. ते ना ४८ तासांच्या व्याख्येत नीट बसतं ना तीन महिन्यांच्या. तिथे लघवीतलं रक्त आणि प्रथिनं बघून घाईने बायोप्सी करावी लागते, आणि आकडा ‘हळू’ चढतोय म्हणून स्वस्थ बसणं महागात पडतं.

शुक्रवारी ४.७ आलं. गुरुवारपेक्षा फक्त ०.१ जास्त. त्या दिवशी रिपोर्टवर छापलेला ईजीएफआर १३ होता आणि माझा हिशेबही १३ च. पातळी थांबली तेव्हाच छापील सूत्र आणि खरी किडनी यांची गाठ पडली. लघवी त्या रात्रीपासून वाढली, शनिवारी दोन लिटरच्या वर गेली. क्रिएटिनिन ४.२, मग ३.४. उतरतानाही तसंच, आकडा किडनीच्या मागून चालतो. ४.२ छापलेलं असताना किडनी त्या आकड्याला शोभेल त्यापेक्षा थोडी बरी चालत असते. आईला हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा रिपोर्ट आपणहून हातात घेतला.

घरी सोडताना क्रिएटिनिन १.९ होतं. डिस्चार्जच्या कागदावर कुणीतरी सवयीने ‘क्रॉनिक किडनी डिसीज’ लिहिलं होतं. मी ते खोडून ‘अक्यूट किडनी इंज्युरी, आधीचं क्रिएटिनिन १.०’ असं लिहून मागितलं. पुढच्या वेळी कुठेही भरती झाले तरी तुलनेला पहिला आकडा तोच लागणार होता. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.१ आलं, लघवीत अल्ब्युमिन नव्हतं. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन एकट्याने, कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं, वेदनाशामक गोळ्या बंदच ठेवल्या, आणि उलट्या-जुलाब झाले तर त्या दिवसांत टेल्मिसार्टन थांबवून आधी त्यांना फोन करायला सांगितलं. एकदा अशी इजा झालेल्या माणसाला पुढे दीर्घकालीन विकाराची जोखीम वाढते, म्हणून वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला सांगितलंय, शक्यतो त्याच लॅबमध्ये.